गाडी लागणाऱ्या मुलाला घेऊन घाट उतरताना

मुलाला गाडी लागते त्याचे मूळ कानात असते. पोट हे त्याचे शेवटचे ठिकाण. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्या बुडाशी दोन बारीक पिशव्या. डोके वळले की नलिकांना कळते. बसने वेग घेतला, ब्रेक लागला किंवा शरीर एका अंगाला कलले तर ते पिशव्यांना कळते. बसमध्ये बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ असते आणि ती जागची हलत नाही. आपण वळतो आहोत असे कान सांगतो, आपण जागेवर आहोत असे डोळे सांगतात. दोन्ही बातम्या एकाच वेळी मेंदूकडे पोचतात, त्यांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. दोन्ही कानांतले हे तोल सांभाळणारे अवयव निकामी झालेल्या माणसाला गाडी लागत नाही. दृष्टी नसलेल्या माणसाला मात्र ती लागू शकते. त्यावरून या सगळ्यात कानाचा वाटा किती मोठा आहे ते लक्षात येते.

दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. त्यानंतर तो वाढत जातो, शाळकरी वयात सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा किशोरवयात ओसरू लागतो. आईला किंवा वडिलांना अर्धशिशी असेल तर मुलाला गाडी लागण्याची शक्यता अधिक असते.

कुठली हालचाल जास्त त्रास देते हेही ठाऊक असलेले बरे. खड्ड्यांतले धक्के अंग खिळखिळे करतात, पण मळमळ आणतात ती संथ हेलकाव्यांमुळे. साधारण पाच सेकंदांत एकदा इकडून तिकडे नेणारा झोका सर्वांत वाईट. घाटातली बस नेमकी तसेच करते: डावीकडे झुकते, सावरते, उजवीकडे झुकते. म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर मजेत गाणी म्हणणारे मूल गुळगुळीत डांबराच्या घाटात पांढरेफटक पडते. घरचे लोक मग रस्ता चांगला असूनही असे का झाले म्हणून चक्रावतात.

तयारी कशी करायची हे एका प्रवासावरून नीट समजेल. समजा, सात वर्षांच्या मुलीला पुण्याहून चिपळूणला न्यायचे आहे. सकाळी सहाला स्वारगेटहून एसटी निघते. साताऱ्याच्या पुढे उंब्रजपर्यंत रुंद महामार्ग आहे आणि तो बहुतांशी सरळ आहे. तिथून बस पाटणच्या रस्त्याला वळते, कोयनानगर मागे पडते आणि मग कुंभार्ली घाट उतरून पोफळीमार्गे चिपळूण येते. सहा-सात तासांच्या या प्रवासात खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात आहे. घाट सुरू होईपर्यंत मूल चार-पाच तास बसून कंटाळलेले असते, सकाळचे खाणे पचून गेलेले असते आणि डोळ्यांवर झापड आलेली असते. ही तयारी घाटाच्या वेळेपासून मागे मोजत करावी लागते, कारण मळमळ एकदा सुरू झाली की पोटाचे काम जवळजवळ थांबते. जठरातले अन्न पुढे सरकत नाही. तोंडातून दिलेले औषधही तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते.

पहिला निर्णय सीटचा. तो तिकीट काढतानाच घ्यावा लागतो. बसमध्ये सर्वांत कमी हेलकावा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात असतो. मागच्या चाकांच्याही पलीकडे असलेल्या शेवटच्या रांगा प्रत्येक वळणावर बाहेर फेकल्या जातात आणि प्रत्येक गतिरोधकावर उडतात. त्या कटाक्षाने टाळाव्यात. पण कमी हलणे एवढेच पुरेसे नाही. समोरचा रस्ता दिसणे बहुधा त्याहून मोलाचे आहे. टर्नर आणि ग्रिफिन या ब्रिटिश संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लांब पल्ल्याच्या बसमधील तीन हजारांहून अधिक प्रवाशांना प्रश्न विचारले होते. ज्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता त्यांच्यात त्रासाचे प्रमाण बरेच जास्त आढळले. रस्ता दिसला की वळण येण्याआधीच डोळ्यांना कळते आणि कानाची बातमी मेंदूला अनपेक्षित राहत नाही. चालकाला स्वतःला गाडी सहसा लागत नाही, त्यामागेही हेच कारण आहे.

त्यामुळे मध्याच्या थोडी पुढे, साधारण तिसऱ्या-चौथ्या रांगेतली जागा चांगली. चालकाच्या पाठीमागच्या बाजूला त्याच्या केबिनची आडभिंत दृष्टी अडवते, तेव्हा डावी बाजू घेतलेली बरी. खिडकी की रस्त्याकडेची जागा, हा प्रश्न घरोघरी वादाचा असतो. मुलांना खिडकी हवी असते आणि खिडकीतून वारा मिळतो हे खरे. पण खिडकीतून दिसणारी जवळची झाडे आणि विजेचे खांब सपासप मागे पळतात, त्यांच्यावर नजर ठरत नाही आणि त्रास वाढतो. रस्त्याकडेच्या जागेवरून दोन रांगांच्या मधून समोरची काच दिसते. सरळ रस्त्यावर खिडकी आणि घाट येण्याआधी आतली जागा, असा मोठ्या माणसाशी अदलाबदलीचा करार मुलाशी आधीच करून ठेवला तर दोन्ही साधते.

यात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे मुलाची उंची. सात वर्षांचे मूल सीटवर बसले की त्याचे डोळे पुढच्या सीटच्या पाठीच्या मध्यावर येतात. सीट कितीही विचारपूर्वक निवडलेली असली तरी त्याला दिसते ते रेक्झिन आणि त्यावर कोणी खरडलेली नावे. एक सोलापुरी चादर घट्ट घडी करून मुलाखाली दिली की ते एक वीत वर येते. घरातल्या खुर्चीवर आदल्या दिवशी बसवून किती घड्या लागतात ते पाहून ठेवावे. पाय लोंबकळत राहिले तर अंग जास्त झुलते, म्हणून पायांखाली सामानाची मऊ पिशवी ठेवावी. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट लागत नाही, त्यामुळे त्याला मांडीवरच घ्यावे लागते. सहा तासांच्या घाटरस्त्याला मात्र त्याच्यासाठी वेगळी जागा मिळते का ते पाहावे. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते आणि त्यावर स्वतःची जागा मिळते. आरक्षण करूनही मनासारखी जागा मिळाली नाही तर बस सुटण्याआधी वाहकाकडे जावे. “मास्तर, पोरीला गाडी लागते, पुढे कुठे सोय होईल का?” एवढे विचारले तर बहुतेक वेळा कोणीतरी जागा बदलून देतो. शेजाऱ्याची पोर ओकणार असेल तर आपण दूर बसलेले बरे, हा हिशेब प्रत्येकाला पटकन कळतो.

खासगी स्लीपर बसचा हिशेब वेगळा आहे. तिथे बाहेरचे काही दिसत नाही. पण पाठीवर आडवे पडून डोळे मिटले तर त्रास कमी होतो, आणि रात्रीचा प्रवास असेल तर मूल झोपूनच जाते. मात्र वरचा बर्थ घेऊ नये. बस जितकी झुकते तितका वरचा भाग जास्त झुलतो. मधल्या भागातला खालचा बर्थ घ्यावा.

आता खाणे. उपाशीपोटी नेले तर उलटी होणार नाही, हा समज चुकीचा आहे. रिकाम्या पोटीही मळमळ होते आणि मग पित्ताच्या कोरड्या ओकाऱ्या येतात, ज्या मुलाला जास्त थकवतात. उलट भरपेट आणि तेलकट खाऊ घालणेही तितकेच वाईट, कारण तूप-तेल पोटात जास्त वेळ राहते. सहाच्या बससाठी मुलीला पहाटे साडेचारला उठवून पोहे खाऊ घालण्यात अर्थ नाही. रात्री लवकर साधा वरणभात द्यावा, झोप पुरी होऊ द्यावी आणि पहाटे एखादा टोस्ट किंवा दोन मारी बिस्किटे द्यावीत. दूध पिऊन निघण्याची सवय असेल तर त्या दिवशी ते टाळावे. हे दूध उलटीत दह्यासारखे बाहेर आले की त्याचा वास पुढचे चार तास बसमध्ये राहतो.

मग साताऱ्याच्या थांब्यावर, म्हणजे साधारण नऊच्या आसपास, घरून नेलेली इडली किंवा मऊ पोळी द्यावी. घाट तिथून दोन-अडीच तास दूर असतो, तेवढ्यात हे हलके खाणे पचते. थांब्यावरचे वडे आणि मिसळ मोठ्यांनीही त्या दिवशी जवळ बसून खाऊ नये. तळणीचा वास मळमळीला आमंत्रण असतो. अत्तर, गजरा, केशतेल आणि डिझेलचा धूर यांचेही तसेच आहे. कोयनानगरच्या पुढे मात्र काही खायला न देता थोडे चुरमुरे किंवा आल्याची वडी तोंडात ठेवायला द्यावी. आल्याने मळमळ कमी होते असे काही अभ्यासांत दिसले आहे, काहींत दिसलेले नाही. त्याचा अपाय नाही आणि मुलाच्या तोंडाला चव राहते, एवढे तरी नक्की. लिंबू हुंगणे, ओवा चघळणे यांची गतही साधारण तीच. पोटावर वर्तमानपत्र बांधण्याचा जुना उपाय मात्र कान आणि डोळ्यांच्या या भांडणात कसा हस्तक्षेप करणार ते सांगता येत नाही. मनगटावरच्या पट्ट्यांचा पुरावाही कच्चाच आहे.

ज्या मुलाला प्रत्येक प्रवासात उलटी होते त्याच्यासाठी औषधाचा विचार करायला हरकत नाही, पण तो बालरोगतज्ज्ञाला विचारूनच. भारतात प्रवासासाठी सर्रास वापरले जाणारे औषध म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट. त्याची गोळी 25 मिलिग्रॅमची असते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी रूढ मात्रा अर्धी गोळी, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम आहे आणि ती आदल्या रात्री झोपताना किंवा निघण्याआधी एक-दोन तास द्यायची असते. दोन वर्षांखालच्या मुलाला हे औषध कधीही देऊ नये. त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्याहून मोठ्या पण पाच वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय देऊ नये. डायमेनहायड्रिनेट हे दुसरे औषध. ते अर्धा ते एक तास आधी द्यावे लागते, पण त्याचा परिणाम सहा-आठ तासांत ओसरतो. आपल्या सात वर्षांच्या मुलीसाठी आदल्या रात्रीची अर्धी गोळी सोयीची पडते. पहाटे झोपेत असलेल्या मुलाच्या तोंडात गोळी घालण्याचा प्रसंग टळतो.

या औषधांनी झोप येते, आणि काही मुलांच्या बाबतीत उलटे होते: ती झोपण्याऐवजी चिडचिडी होतात, नाचतात, बडबडतात. आपले मूल कुठल्या गटातले हे बसमध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. म्हणून प्रवासाच्या एक-दोन आठवडे आधी, सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांच्या संमतीने एकदा देऊन पाहावे. त्याच सुमारास सर्दीचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सर्दीच्या अनेक सिरपमध्ये झोप आणणारे घटक असतात आणि दोन्हींची बेरीज मुलाला जड जाते. घरात एरवीच्या उलट्यांसाठी आणलेली ऑन्डान्सेट्रॉनची बाटली असतेच. पोट बिघडल्यावर ती चांगली चालते, पण गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. ती दिली आणि तरी उलटी झाली, म्हणजे मूल हट्टी किंवा औषध बनावट, असा निष्कर्ष काढू नये. उलटी थांबवणारी औषधे शरीरातल्या वेगवेगळ्या वाटा अडवतात, आणि कानाकडून येणारी वाट या औषधाच्या हाती नाही.

सगळे करूनही उलटी होऊ शकते, आणि झाली तर पाच सेकंदांत हात कुठे जाईल हे ठरलेले असावे. हातात धरण्यासाठी आइस्क्रीमचा घट्ट झाकणाचा रिकामा डबा उत्तम. त्याचे तोंड रुंद असते, तो पिशवीसारखा मिटत नाही आणि झाकण लावले की वास अडतो. पिशवी वापरायची असेल तर गव्हाच्या पिठाची जाड पिशवी घ्यावी आणि आदल्या दिवशी तिच्यात पाणी भरून ती गळते का ते पाहावे. तळाशी वर्तमानपत्राचे चुरगळलेले दोन कागद टाकले की आतले हेलकावत नाही. असे तीन संच लागतात, कारण पहिली उलटी बहुधा एकटी येत नाही. सोबत ओला नॅपकिन, पाण्याची बाटली आणि मुलाचे कपड्यांचे दोन जोड एका छोट्या पिशवीत पायाशी ठेवावेत. मोठ्या माणसाचा एक सदरा किंवा कुर्ताही त्यातच टाकावा. मूल मांडीवर असताना उलटी झाली तर भिजतो तो सहसा मोठा माणूस, आणि त्याचे कपडे नेमके वरच्या फळीवरच्या बॅगेत, तेही तळाशी सापडतात. मुलाला खिडकीबाहेर डोके काढून ओकू देऊ नये. घाटात समोरून येणारे वाहन बसच्या अंगाला किती घासून जाते ते आत बसलेल्याला कळत नाही.

उलटी येण्याआधी मूल काही खुणा देते. बडबडणारे मूल एकाएकी गप्प होते. लागोपाठ जांभया येतात, तोंडाला पाणी सुटून ते सारखे गिळते, वरच्या ओठावर गार घाम येतो आणि ओठांभोवतीची त्वचा फिकट पडते. लहान मूल मळमळते असे म्हणत नाही, पोटात दुखते असे म्हणते. या खुणांपासून उलटीपर्यंत काही मिनिटे मिळतात. त्या वेळात मोबाईल किंवा पुस्तक ताबडतोब बंद करावे, खिडकी उघडावी, डोके सीटच्या पाठीला टेकवून ते हलू नये म्हणून कपाळाला हात लावून धरावे आणि समोरच्या काचेतला लांबचा रस्ता बघायला सांगावे. बाहेर अंधार किंवा धुके असेल तर डोळे मिटवून ठेवावेत. मळमळतंय का, असे दर दोन मिनिटांनी विचारल्याने मळमळ वाढते. त्याऐवजी सोबत गाणे म्हणावे. गाताना श्वास आपोआप लांब होतो. मोबाईल तर घाट येण्याच्या अर्धा तास आधीच पिशवीत गेलेला असावा. छोट्या हलत्या चित्रावर खिळलेली नजर म्हणजे कान आणि डोळ्यांच्या भांडणात तेल ओतणे आहे.

उलटी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे काहीही देऊ नये. मूल पाणी मागते, पण ग्लासभर पाणी लगेच बाहेर येते. मग दर काही मिनिटांनी एक-दोन चमचे पाणी किंवा ओआरएस द्यावे. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढेच घालावे. लहान पाकीट 200 मिलिलिटरसाठी असते आणि मोठे एक लिटरसाठी. मोठे पाकीट लहान बाटलीत ओतणे धोक्याचे आहे. घाट संपून बस पोफळीच्या खाली आली की बहुतेक मुलांचा रंग अर्ध्या तासात परततो आणि चिपळूण स्थानकात उतरताना ते भूक लागली म्हणते.

भूक परत आली नाही, बस सोडून तीन-चार तास झाले तरी उलट्या चालूच आहेत, ताप आहे, उलटीचा रंग हिरवा किंवा लालसर आहे, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही किंवा मूल सुस्त होत चालले आहे, तर त्याचा दोष गाडीला न देता डॉक्टर गाठावा. बसमध्ये न बसताही सकाळी उठल्या उठल्या डोके दुखून उलटी होत असेल तर तेही गाडी लागण्याचे लक्षण नव्हे.

परतीच्या प्रवासात वेळापत्रक उलटे होते, आणि अनेक घरे इथेच फसतात. जाताना घाट चार-पाच तासांनी आला होता. चिपळूणहून निघताना तो पहिल्या तासातच येतो. दुपारी दोनची बस असेल तर जेवण साडेअकरापर्यंत उरकावे आणि तेही कमी असावे. पाहुणचारात मासे, वडे आणि सोलकढी आग्रहाने ताटात पडते. मुलीच्या ताटातले तेवढे नंतरच्या मुक्कामासाठी ठेवावे असे आजीला आधीच सांगून टाकावे. औषध द्यायचे ठरले असेल तर बाराच्या सुमारास द्यावे. चादरीची घडी आणि डबा पहिल्या मिनिटापासून हाताशी हवा, खिडकीचा करारही उलटा करावा: आधी आतली जागा, पाटण मागे पडल्यावर खिडकी. उंब्रजला महामार्ग लागला की मुलगी बहुधा झोपलेली असते आणि तिला साताऱ्याला चहा-बिस्किटांसाठी उठवण्याची गरज नसते.